हिंगाची जाहिरात हिंदीतून मराठीत आली आहे. व्याकरण बरोबर, पण कानाला खटकतेय. तपासायला मदत हवी.

कोरांटी

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या जाहिरात संस्थेसाठी मराठी मजकूर तपासून देते. उत्तरेतली एक हिंगाची कंपनी महाराष्ट्रात येतेय. त्यांची रेडिओची जाहिरात हिंदीत तयार आहे आणि मराठी अनुवादही झालाय. मला फक्त "व्याकरण बघून द्या" असं सांगितलंय. व्याकरणात तसं फारसं काही निघत नाही, तरी ऐकताना एकही वाक्य आपलं वाटत नाही. कंपनीचं नाव देता येणार नाही, म्हणून 'अमुक' लिहिते. वेळ २५ सेकंद.

मूळ हिंदी:

(कुकर की सीटी)
बहू: पापा जी, खाना लग गया!
ससुर: आ रहा हूँ बहू! (सूँघकर) अरे, आज तो दाल में कुछ काला है!
बहू: काला नहीं पापा जी, हींग है!
ससुर: वाह! और शर्मा जी कहते हैं, हींग लगे न फिटकरी, रंग चोखा!
बहू: तभी तो उनके घर का खाना फीका है!
निवेदक: अमुक हींग। बस चुटकी भर डालो। हींग ऐसी, कि उँगलियाँ चाटते रह जाओगे!

आलेला अनुवाद:

(कुकरची शिट्टी)
सून: बाबाजी, जेवण लागलं!
सासरे: येत आहे सूनबाई! (वास घेऊन) अरे, आज तर डाळीत काहीतरी काळं आहे!
सून: काळं नाही बाबाजी, हिंग आहे!
सासरे: वा! आणि शर्माजी म्हणतात, हिंग लागे ना तुरटी, रंग चोखा!
सून: तेव्हाच तर त्यांच्या घरचं जेवण फिकं आहे!
निवेदक: अमुक हिंग. बस चिमूटभर टाका. हिंग अशी, की बोटं चाटत राहून जाल!

कुठून सुरुवात करू? आणि किती बदललं तर चालतं? मला "तपासायला" दिलंय, "लिहायला" नाही.

तळटीप

सरळसरळ हिंदीवर मराठी शाई फिरवलीय. 'येत आहे'च्या जागी 'आलो' हवं. हाक आली की आपण जागेवरून न उठताही 'आलो' म्हणतो. 'राहून जाल' तर फारच वाईट. कुणी राहून जा म्हटलं की आपण मुक्कामाची तयारी करतो. एकूणच क्रियापदाला 'राहून', 'राहिली' असं शेपूट दिसलं की ते हिंदी समजून छाटायचं, हा माझा नियम. 'दाल में काला'साठी आपल्याकडे 'काळंबेरं' आहेच. "आज आमटीत काहीतरी काळंबेरं आहे" असं करा, विनोदही टिकेल.

वऱ्हाडी_पाहुणा

तळटीप, 'राहून जाल'बद्दल पटलं. पण तुमचा नियम आमच्यावर लावू नका. "काय करून राहिली?" हे आमच्याकडे आजीही म्हणते, आणि ते कुणी हिंदीतून आणलेलं नाही, आमच्या बोलीचंच आहे. ही जाहिरात नागपूर, अकोल्याच्या केंद्रांवर लागणार असेल, तर तिथं 'करून राहिली' घरचंच वाटेल. खटकणारं प्रत्येक रूप हिंदी नसतं. आधी ते कुणाच्या कानाला खटकतंय ते बघा.

रेडिओकान

मी बरीच वर्षं मुंबईत रेडिओच्या जाहिरातींचं मराठी लिहितोय आणि ध्वनिमुद्रणाला उभा राहतोय. सविस्तर लिहितो.

कोरांटी, पहिल्यांदा हिंदी झाकून ठेवा आणि नुसतं मराठी वाचा. ज्याला मूळ माहीत आहे त्याचं डोकं अर्थ आपोआप भरून घेतं, त्यामुळे चुका दिसत नाहीत. स्वयंपाक करता करता रेडिओ ऐकणाऱ्या बाईला मूळ माहीत नाही. तिला काय ऐकू येतं? सासरा म्हणतो, डाळीत काहीतरी काळं आहे. तिच्या मनात खडा येईल, नाहीतर किडा. सून म्हणते, काळं नाही, हिंग आहे. म्हणजे खाण्याच्या जाहिरातीत पहिल्या आठ सेकंदांतच डाळ नासली. हिंदीत ती म्हण इतकी रुळलेली आहे की 'काला' म्हणताना कुणाला काळी वस्तू दिसत नाही, संशय दिसतो. आधी संशय आणि मग एकदम खरीखुरी वस्तू समोर, ही तिथली गंमत. मराठीत थेट वस्तूच दिसते, त्यामुळे उलगडायला काही उरतच नाही.

तळटीप यांचं 'काळंबेरं' म्हण म्हणून बरोबर आहे, पण ताटाजवळ नको. काळंबेरं म्हटलं की कुणीतरी कुणाचं वाईट चिंतलंय असा वास येतो. जेवणात काळंबेरं म्हणजे विषच.

मग हिंदी शेजारी ठेवा आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा की ते वाक्य तिथं काय काम करतंय. 'खाना लग गया' हे फक्त बोलावणं आहे. 'दाल में काला' कान टवकारण्यासाठी आहे. शर्माजींचं वाक्य म्हणजे विनोदाची उभारणी आणि 'फीका' हा त्याचा फटका. निवेदकाची ओळ ही विक्री. आपल्याला ही कामं मराठीत आणायची आहेत. शब्द आले तर उत्तम, नाही आले तर अडत नाही.

हा हिशेब मांडला की "किती बदललं तर चालतं" याचं उत्तर मिळतं. बोलावण्याचं वाक्य बदलायला कुणाची हरकत नसते. विनोद बदलायचा असेल तर संस्थेला आधी कळवा, कारण तो विनोद कुणीतरी मंजूर करून घेतलेला असतो. विक्रीच्या ओळीला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका. ती पाकिटावर, फलकांवर, सगळीकडे असू शकते.

इंदूरी_जिलबी

आम्ही इंदूरचे मराठी, दोन्ही भाषांत वाढलेले. "जेवण लागलं" आमच्या घरात सर्रास बोललं जातं, त्यामुळे मला तिथं काहीच खटकलं नाही! पुण्याच्या मामी मात्र हसायच्या.

'हींग लगे न फिटकरी' हे अनुवादकाला कळलेलंच नाही असं वाटतं. पूर्ण म्हण 'हींग लगे न फिटकरी, रंग चोखा आए' अशी आहे, म्हणजे पैसा खर्च न करता काम फत्ते. शर्माजी चिक्कू आहेत, हिंगालासुद्धा पैसे सोडत नाहीत, म्हणून त्यांचं जेवण बेचव, असा तो विनोद आहे. मराठीत 'हिंग लागे ना तुरटी' ऐकून कुणाला चिक्कूपणा आठवणार? उलट तुरटीने तोंड तुरट होईल.

सुगरण_ठाणे

हिंग कोणता घ्यावा असा प्रश्न असेल तर मी खडा हिंग घेते आणि थोड्या तुपात फुलवून कुटते. डबीतला हिंग म्हणजे कणीक किंवा मैदा आणि डिंक यांत बांधलेला असतो, त्यामुळे तो जास्त घालावा लागतो.

कोरांटी

ताई, प्रश्न जाहिरातीच्या मराठीचा आहे, हिंगाच्या खरेदीचा नाही. पण तुम्ही आलाच आहात तर सांगा: ही जाहिरात तुमच्या स्वयंपाकघरात घडतेय असं वाटतं का?

सुगरण_ठाणे

अच्छा! मग नाही वाटत. सुरुवातच कुकरच्या शिट्टीने होते, पण शिट्टीत हिंग कुठं आहे? हिंग कळतो फोडणीत. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, की लगेच हळद, आणि मग ओतलेल्या डाळीचा चर्र आवाज. हिंगाचा वास त्या दोन क्षणांत घरभर जातो. आणि हिंग 'टाकतात' का? टाकतो आपण कचरा. पदार्थात 'घालतात'. आणखी एक, आमच्याकडे हिंग तो. 'हिंग अशी' ऐकून मी थबकलेच.

'फिकं' आमच्याकडे रंगाला म्हणतात. चव नसेल तर सपक म्हणतो, मीठ नसेल तर अळणी. हिंग नसल्याने आमटी अळणी होत नाही, सपक होते.

रेडिओकान

ताईंनी सगळ्यात मोलाची गोष्ट सांगितली. रेडिओवर चित्र नसतं, त्यामुळे घर कुठलं आहे ते आवाजावरून ठरतं. मोहरीचा तडतडाट आणि चर्र झालं की ऐकणाऱ्याला आपलं स्वयंपाकघर दिसतं. शब्द कितीही मराठी केले आणि मागे आवाज चुकीच्या घरातला असला, तर जाहिरात परकीच राहते. अनुवाद तपासताना कंसातल्या सूचना कुणी वाचतच नाही. त्याही वाचा.

'हिंग अशी' ही या जातीच्या अनुवादाची हमखास खूण आहे. हिंदीत हींग स्त्रीलिंगी, आपल्याकडे पुल्लिंगी. हिंदीचं लिंग मराठीत तसंच उतरलेलं दिसलं, की अनुवादकाने वाक्य मनात मराठीत म्हणून पाहिलं नाही असं समजावं आणि बाकीचा मजकूर दुप्पट संशयाने वाचावा.

क्लासवाले_सर

माझंही असंच आहे. आमच्या शिकवणीचं पत्रक इंग्रजीतून मराठीत करून घेतलं. 'आम्ही तुमच्या मुलाच्या यशात विश्वास ठेवतो' असं आलंय. इथं कुणी बघून देईल का? पूर्ण पत्रक चार पानांचं आहे.

रेडिओकान

सर, वेगळा धागा काढा, नक्की बघू. तुमच्या पत्रकात विनोद नाही, दावे आहेत, त्यामुळे तिथं तपासणी वेगळी पडते. जाता जाता एवढंच, की त्यात तारांकित खुलासा असेल तर तोही मराठीत करून घ्या. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. वरचं सगळं मराठीत आणि तळाची बारीक ओळ इंग्रजीत, असं फार ठिकाणी राहून जातं.

तळटीप

मला अजूनही वाटतं की 'दाल में काला' तसंच हिंदीत ठेवलं तरी चालेल. हिंदी सिनेमामुळे ते सगळ्यांना कळतं. उगाच जिवावर उदार होऊन मराठी कशाला शोधायचं?

वऱ्हाडी_पाहुणा

कळतं आणि हसू येतं यात फरक आहे. समजावून घेतलेला विनोद ओठांवर येत नाही. शिवाय अख्खी जाहिरात मराठीत आणि मधेच सासरे हिंदी म्हण टाकतात, मग ते सासरे कुठले?

कोरांटी

सगळ्यांचे आभार. रेडिओकान यांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वाक्याचं काम लिहून काढलं. मग लक्षात आलं की आपल्याकडे हिंगाचा वाक्प्रचार तयारच आहे: हिंग लावूनही कुणी विचारत नाही! तो उलटा केला तर? पहिला खर्डा देते.

(मोहरी तडतडते, फोडणीचा चर्र आवाज)
सून: बाबा, पानं वाढलीयेत!
सासरे: आलो, आलो! (वास घेत) अगं, आज आमटीचा वास काय सुटलाय!
सून: नवा हिंग आणलाय ना बाबा!
सासरे: आणि शेजारचे गोखले म्हणतात, हिंगावर कशाला पैसे घालवायचे!
सून: म्हणून तर त्यांची आमटी सपक!
निवेदक: अमुक हिंग. चिमूटभर घाला. आता सगळे हिंग लावून विचारतील!

रेडिओकान

भाषा आता घरची झाली. 'पानं वाढलीयेत' छान. तीन गोष्टी सुचवतो.

गोखले काढा. हिंदीतले शर्माजी हे कुणीही शेजारी असतात, जाहिरातींनी ते नाव झिजवून गुळगुळीत केलंय. आपल्याकडे आडनाव आलं की त्याबरोबर जात आणि गाव येतं. चिक्कू माणसाला आडनाव दिलंत तर ती कंपनीची टिप्पणी होईल आणि पत्रं येतील. 'शेजारचे नाना' म्हणा. नाना सगळ्या महाराष्ट्रात असतात.

दुसरं म्हणजे दोन विनोद एकमेकांच्या पायात येताहेत. चिक्कूपणा हिंदी म्हणीतून आला होता. ती म्हण गेली, मग चिक्कूपणा कशाला हवा? 'विचारणं' हाच धागा धरा. नाना कधी कुणाची चौकशी करत नाहीत, आज करताहेत, एवढं पुरे.

तिसरं, फटका निवेदकाच्या तोंडी देऊ नका. निवेदक विनोद करायला लागला की तो विकतोय हे कळतं. तो सासऱ्यांना द्या आणि वाक्य 'विचारतात'वर संपवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्याचा फायदा घ्या. 'आता सगळे हिंग लावून विचारतील' यात ते शेवटी आहे खरं, पण अर्थ लागत नाही. सगळ्यांनी हिंग लावला की कंपनीने?

इंदूरी_जिलबी

दिल्लीच्या मंडळींना हे कसं पटवणार? ते मराठीचा पुन्हा हिंदीत उलट अनुवाद मागतात. "हींग लगाकर पूछते हैं" असं वाचून ते म्हणतील हे काय लिहिलंय.

रेडिओकान

नेमकं तिथंच चांगली ओळ मरते. शब्दशः अनुवाद उलटवला की छान दिसतो, कारण तो हिंदीचाच असतो. अस्सल मराठी ओळ उलटवली की वेड्यासारखी दिसते. त्यामुळे नुसता उलट अनुवाद पाठवू नका. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने करा. पहिल्यात शब्दाला शब्द, दुसऱ्यात ऐकणाऱ्याला काय वाटतं ते. इथं दुसऱ्या रकान्यात असं लिहा: "मराठीत कुणाला काडीची किंमत नसेल तर 'हिंग लावूनही विचारत नाहीत' म्हणतात. आपण ते उलटवलंय: आपला हिंग लावला की सगळे विचारपूस करतात." आणि आलेला अनुवाद का चालत नाही तेही तसंच दाखवा. 'डाळीत काळं'पुढे 'ऐकणाऱ्याला डाळीत किडा दिसतो' एवढं लिहिलंत की हिंगवाला स्वतःच ती ओळ काढेल.

तळटीप

एक शंका. तो वाक्प्रचार नकारार्थी आहे. कंपनीच्या नावाशेजारी 'कुणी विचारत नाही'ची आठवण करून देणं धोक्याचं नाही का? लोकांना मूळच आठवणार.

वऱ्हाडी_पाहुणा

ही शंका मलाही रास्त वाटते. आणि नव्या पिढीला हा वाक्प्रचार माहीत आहे का? माझ्या भाचीला विचारलं, ती अकरावीत आहे. तिने कधी ऐकलेला नाही.

कोरांटी

दुसरा खर्डा. वऱ्हाडी_पाहुणा, तुमच्या भाचीला हा ऐकवाल का? आधी काही समजावून सांगू नका.

(तेल तापतं, मोहरी तडतडते, चर्र)
सून: बाबा, पानं वाढलीयेत!
सासरे: आलो, आलो! अगं, शेजारचे नाना विचारत होते, आज काय बेत?
सून: नाना? ते तर कधी कुणाला विचारत नाहीत!
सासरे: (वास घेत) अगं, असा हिंग लावल्यावर सगळेच विचारतात!
निवेदक: अमुक हिंग. चिमूटभर घाला, बोटं चाटत राहाल!

मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. बोलणं अठरा सेकंदांत बसतं, म्हणजे फोडणीला आणि वास घेण्याला जागा उरते. पहिला खर्डाही वेळेत होता, पण त्यात श्वास घ्यायला उसंत नव्हती.

वऱ्हाडी_पाहुणा

ऐकवलं. भाची हसली नाही, पण म्हणाली, "वास आला म्हणून शेजारी विचारायला आले, कळलं की." आई मात्र 'सगळेच विचारतात'ला खुदकन हसली आणि लगेच मूळ वाक्प्रचार म्हणून दाखवला.

रेडिओकान

मग ओळ उभी राहिली. म्हण उलटवताना हीच कसोटी: ज्याला म्हण माहीत नाही त्यालाही सरळ अर्थ लागला पाहिजे. इथं फोडणीचा वास शेजारी जातो आणि नाना चौकशी करतात, ही गोष्ट म्हणीशिवायही पूर्ण आहे. माहीत असणाऱ्याला वर एक हसू मिळतं. 'हिंग लागे ना तुरटी'मध्ये म्हण काढली की खाली काहीच उरत नव्हतं.

तळटीप यांच्या शंकेवर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी ही ओळ लावेन. पण एखादा ग्राहक नकाराच्या सावलीलाही घाबरतो आणि त्याला तसा हक्क आहे. कोरांटी, तुम्ही ते लपवू नका, दुसऱ्या रकान्यात लिहाच.

सुगरण_ठाणे

मला एक खुपतंय. हिंग 'लावल्यावर' का? आमटीला फोडणी 'देतात', हिंग 'घालतात'. वर मीच घाला म्हटलं आणि इथं तुम्ही लावताय.

रेडिओकान

ताई, बरोबर पकडलंत. पण 'घातल्यावर' केलं की वाक्प्रचार तुटतो आणि तुमच्यासारख्यांचं हसू जातं. निवेदकाच्या ओळीत 'घाला' आहे, सासऱ्यांच्या तोंडी 'लावल्यावर' राहू द्या. तो थोडासा अडखळाच म्हणीची आठवण करून देतो. अभिनेत्याने 'हिंग'वर जोर न देता 'लावल्यावर'पाशी किंचित रेंगाळलं पाहिजे. हे कंसात लिहून द्या, नाहीतर ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो सगळा जोर कंपनीच्या मालावर देईल.

सुगरण_ठाणे

मला अजून 'घातल्यावर'च बरं वाटतं. पण तुमचं क्षेत्र आहे.

तळटीप

'बोटं चाटत राहाल' तरी मराठी आहे का? 'राहून जाल'पेक्षा बरं, पण मुळात कल्पना हिंदीच ना?

इंदूरी_जिलबी

बोटं चाटणं मराठीतही आहे हो. ताट चाटूनपुसून खातो, बोटंही चाटतो. इथं उगाच हिंदी शोधू नका.

कोरांटी

दोन रकान्यांचा तक्ता पाठवला होता, उत्तर आलं. फोडणीचा आवाज मंजूर, नाना मंजूर, 'विचारतात' मंजूर. 'डाळीत किडा दिसतो' वाचून त्यांनी लगेच फोन केला आणि विचारलं की हीच जाहिरात गुजरातीत गेलीय, तिथंही असं ऐकू येतं का? ते गुजराती माणसालाच विचारायला सांगितलं.

निवेदकाची ओळ मात्र पाकिटावर छापून झालीय, आणि ती 'हिंग अशी, की बोटं चाटत राहून जाल' अशीच. पाकिटं पुढच्या छपाईत बदलू म्हणतात. तोपर्यंत रेडिओवर 'राहाल' आणि पाकिटावर 'राहून जाल' असं चालेल का, की दोन्हीकडे सारखं हवं म्हणून रेडिओवरही चूकच ठेवायची, यावर त्यांचं एकमत होत नाहीये. मी 'राहाल'वर अडून बसले आहे. आणि विदर्भासाठी सासऱ्यांचं वाक्य "नाना विचारून राहिले होते" असं वेगळं ध्वनिमुद्रित करायचं का, हेही विचारलंय. वऱ्हाडी_पाहुणा, हे रूप तुमच्याकडे असंच बोलतात ना? परवा ध्वनिमुद्रण आहे, त्याआधी सांगा.

वऱ्हाडी_पाहुणा

'होते' काढा. "नाना इचारून राह्यले, आज काय बेत?" असं बोलतील. पण अभिनेता तिकडचाच घ्या. पुण्याच्या माणसाने ओढूनताणून वऱ्हाडी काढलं तर आम्हाला पहिल्या शब्दात कळतं. तसा मिळत नसेल तर सगळीकडे एकच ठेवा.